ओटा आणि भिंत यांच्यामधली वीतभर जागा

माझ्या धाकट्या दिराच्या हाताचा गिलावा आरशासारखा असायचा. ओल्या गिलाव्यावर रंधा फिरवताना तो शीळ घालायचा, आणि काम संपलं की घरमालक, त्याची बायको, शेजारी, सगळे येऊन भिंतीवरून हात फिरवायचे. मीही फिरवलाय. त्या गुळगुळीतपणावर बोट अडकायला जागा नसायची आणि मला तेच सहन व्हायचं नाही.

आमचं घर ठेकेदाराचं. सासऱ्यांनी अमरावतीत पुष्कळ घरं बांधली. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून या घरात आले आणि थोड्याच दिवसांत हिशेब सोडून बाकी सगळं माझ्याकडे आलं: कुठल्या कामावर कोण, कुठे किती सिमेंट गेलं, कुठल्या भिंतीला पाणी मारायचं राहिलं. मी सकाळी यादी करायची आणि संध्याकाळी त्यावर रेघा मारायची. माझे यजमान कामावर उभे राहायचे. दिरानं मात्र अकोल्यात स्वतःचं काम सुरू केलं. घर सोडून गेला त्याचं कौतुक जास्त झालं. सासरे जेवताना म्हणायचे, "त्याच्या हातात जादू हाय." मी ताटात भाजी वाढत असायची. पायाची खोली मी मोजून घेतलेल्या घरांत लोक वर्षानुवर्षं सुखानं राहत होते, पण पायाला हात लावून बघायला कोण जातं?

ती वर्षं कापसाच्या वाईट दिवसांची होती. खेड्यात पैसा उरला नाही की शहरात नवी घरं उठत नाहीत, हे आम्ही तेव्हा शिकलो. नवं बांधकाम जवळजवळ थांबलं. जुन्याची डागडुजी तेवढी उरली, आणि डागडुजीत गिलावा करणाऱ्याला मान असतो. म्हणजे दिराचे दिवस आले आणि माझे गेले.

अकोल्यातल्या जठारपेठेत चाचा-चाचींचं गादीचं दुकान होतं. चाचा आणि सासरे तरुणपणापासूनचे दोस्त. दुकान जुन्या, चुन्यात बांधलेल्या दीड विटेच्या भिंतींच्या घरात, पुढच्या खोलीत. मागे कापूस पिंजायचं यंत्र, वर राहणं. लग्नाच्या गाद्या हे त्यांचं खरं काम. तेल्हाऱ्याकडची, आकोटाकडची माणसं मुलीच्या लग्नासाठी गादी, रजई, तक्के भरून घ्यायला यायची आणि एक रीत पाळायची: मुलीची आई किंवा मावशी पुढच्या खोलीत बसून, भरायच्या कापसात हात घालून बघायची, मूठभर नाकाशी न्यायची, मगच चाची सुई हातात घ्यायची. पूर्वी लोक पाच-पाच गाद्या सांगायचे. आता दोनवर यायचे. त्या दोनांपैकी एकही परत येणं परवडण्यासारखं नव्हतं.

आणि एक परत आली होती. कापसाला कुबट वास येतो म्हणून.

चाचींचा फोन मला आला तेव्हा त्या रडत नव्हत्या, चिडल्या होत्या. "बहू, तुझ्या देवरानं दोनदा भिंत केली. दोनदा! आता चाचा म्हनतात, पिंजायचं बंद करू, फोमच्या गाद्यांची एजन्सी घेऊ. प्लास्टिकच्या पिशवीतला माल, वास लागत नाई. मंग मी काय करू? सुई घेऊन भिंतीले टाके घालू?"

मला वाईट वाटलं, हे खरं. त्याच्या आधी क्षणभर फार बरं वाटलं, हेही तितकंच खरं. दोनदा भिंत केली आणि दोनदा फसली. मी दुसऱ्याच दिवशी सकाळची गाडी पकडली.

दीर माझ्या आधी तिथे पोचला होता. त्याला कोणी सांगितलं, ते चाचींनी कधी कबूल केलं नाही. ओट्यावर बसून तो चाचांबरोबर चहा पीत होता आणि चाचा हसत होते. ज्याची भिंत दोनदा फसली त्या माणसाबरोबर हसत होते.

"या, वहिनी," तो म्हणाला. "तपासनीस आल्या. चाचा, आता तुमची भिंत आजारी हाय का नाटक करून राहिली, ते कळन."

"भिंत नाटक नाई करत, भाऊजी," मी म्हटलं. "भिंतीवर केलेलं काम करतं नाटक."

चाचांनी माझ्यासाठीही चहा सांगितला. ओट्यावरून एक पायरी उतरून आम्ही पुढच्या खोलीत गेलो.

वासानंच कळत होतं. रस्त्याकडच्या, दाराच्या भिंतीचा गिलावा कमरेपर्यंत अजून चकचकीत होता, वर ऑइल पेंट. पण त्याच्या वर, छातीच्या उंचीवर, पिवळट तपकिरी पट्टा उठला होता, पूर आलेल्या नदीची रेघ काठावर राहते तसा. पट्ट्यावर पोपडे आणि पांढरं पिठासारखं काही. मी बोटानं घेतलं, जिभेला लावलं. खारट. लोणा.

"पयल्यांदा कुठवर होती ओल?" मी विचारलं.

"गुडघ्यावर," चाची म्हणाल्या. "यानं कमरेपर्यंत सिमेंट केलं, वॉटरप्रूफ पावडर टाकून. पावसाळ्यानंतर पाहतो तर छातीपर्यंत!"

हे मला समजावून सांगायचं होतं आणि ते दिरासमोर सांगायला मिळत होतं. विटेला बारीक छिद्रं असतात. कंदिलाच्या वातीत तेल चढतं तसं जमिनीतलं पाणी त्यांतून वर चढतं. उघडी भिंत ते पाणी हवेत सोडत राहते, म्हणून ओल गुडघ्यावर थांबली होती. तुम्ही कमरेपर्यंत घट्ट सिमेंट आणि तेलरंग लावलात, तर पाणी आत येणं थांबत नाही, बाहेर जाणं थांबतं. मग ते आणखी वर चढतं, मोकळी जागा मिळेपर्यंत. बरोबर जमिनीतले क्षार आणतं. पाणी उडून जातं, क्षार गिलाव्यामागे साठतात, फुगतात आणि गिलावा आतून ढकलतात. मी मुठीनं भिंतीवर ठोकत गेले. खाली भरीव, मग पोकळ, मग ढब ढब.

"म्हनून तर दुसऱ्यांदा मी भोकं पाडली," दीर म्हणाला. त्याचा आवाज शांत होता आणि त्यानं मला जास्त राग आला. "मशीन आनलं. पार डीलरकडून शिकून आलो. खाली लाइनीनं भोकं, त्यात औषध भरलं. पाणी वर चढूच नाई देत ते."

ही पद्धत चुकीची नव्हती. तेच तर दुःख होतं. जुन्या भिंतीत पाणी अडवायचे दोन-तीनच रस्ते असतात. घर बांधतानाच जोत्यावर पाणी अडवणारा थर घालायचा, काँक्रीट आणि डांबराचा किंवा दगडी फरशीचा. तो नसेल तर नंतर भिंत थोडी थोडी, एक तुकडा सोडून एक, कापून आत थर सरकवायचा. फार सावकाशीचं आणि जिवावरचं काम. किंवा मग सांध्यांत भोकं पाडून पाणी नाकारणारं औषध भरायचं. ते यंत्र माझ्याकडे असावं असं मला कधीपासून वाटत होतं. आमच्या घरात त्यासाठी विचार चालू होता, तोवर त्यानं आणलं होतं आणि चालवूनही दाखवलं होतं.

मी बाकीच्या भिंती बघितल्या. कुठे ओल आहे यापेक्षा कुठे नाही हे मी आधी बघते. दोन्ही बाजूंच्या भिंती, त्याच विटेच्या, त्याच वयाच्या, कोरड्या. मागची कोरडी. छपरातून गळत असतं तर वरून ओघळ दिसले असते. नळ किंवा मोरी त्या भिंतीला नव्हती. एकच भिंत जमिनीतून पाणी ओढते आणि तिच्या बहिणी ओढत नाहीत, हे कसं?

"भाऊजी, भोकं कुठं पाडली?"

"आतून. फरशीच्या चार बोटं वर."

"आन् बाहेर त्या उंचीले काय हाय?"

चाचा म्हणाले, "बाहेर ओटा हाय. दुसरं काय असणार?"

मी छिन्नी मागितली. दिरानंच दिली. कोपऱ्यात, जिथे ती दाराची भिंत बाजूच्या भिंतीला मिळते, तिथला गिलावा मी फरशीपासून काढला. फरशीच्या पातळीवरच विटांच्या खाली एक काळी रेघ लागली: पातळ दगडी लादी आणि तिच्यावर डांबर. घर बांधणाऱ्यानं पाणी अडवायचा थर घातला होता. चांगला घातला होता. म्हणूनच तीन भिंती कोरड्या होत्या. मग मी बाहेर जाऊन ओट्याला टेप लावला. ओट्याचा माथा त्या काळ्या रेघेपेक्षा वीतभर वर होता. खोलीत उतरताना जी पायरी लागायची ती मूळची नव्हतीच.

"हा ओटा कधी उचलला, चाचा?"

चाचांचा चेहरा उजळला. ओट्याचा त्यांना अभिमान होता. पूर्वी कापसाची गाठोडी टेम्पोतून खाली घेऊन परत वर चढवावी लागायची. चाचांच्या कमरेनं दगा दिला तेव्हा त्यांनी ओटा टेम्पोच्या तळाइतका उंच करून घेतला. आता गाठोडी नुसती ढकलायची, ती सरपटत ओट्यावर यायची. पूर्ण पेठेत असा ओटा नव्हता. आत भर कशाची? काळी माती, वरून मुरूम, वर सिमेंट. आणि पिंजलेल्या कापसाचं फूस उडतं म्हणून रोज सकाळी बादल्या ओतून धुतलेला.

म्हणजे काळ्या मातीची ओली पिशवी भिंतीला बाहेरून चिकटून बसली होती, आणि ती त्या थराच्या वरून भिंतीत पाणी देत होती. दिराची भोकंही तिच्या माथ्याखालीच होती. औषध खालून येणारं पाणी अडवत असेलही, पण पाणी बाजूनं येत होतं. कारण तिथेच ठेवून आत कितीही गिलावा करा, कितीही औषध भरा.

मी हे सांगितलं. थोडं जास्त सविस्तर सांगितलं असेन. दीर ऐकत होता आणि शेवटी म्हणाला, "बाप्पा. मी बाहेर पाह्यलंच नाई." असं इतक्या सहज कोणी म्हणावं? मी रात्रभर जागून असं वाक्य म्हणू शकले नसते.

पण खरी अडचण पुढे होती.

"म्हणजे ओटा तोडायचा?" चाचा म्हणाले. "बेटा, दिमाग ठिकाने पे है? भिंतीसाठी माझी कंबर तोडते का? त्यापेक्षा फोम आनतो."

"हो, आना फोम," चाची आतून म्हणाल्या. "मंग कंबर मोकळी आन् बायको बी मोकळी."

"तू चूप बस."

"चाळीस वर्षं चूप बसून टाकेच घातले ना मी?"

मी ओटा बघत होते. पूर्ण तोडायची गरज नव्हती. भिंतीला लागून वीतभर रुंद पट्टी कापायची, काळ्या रेघेच्या चांगली खाली जाईपर्यंत. ओट्याच्या बाजूला पातळ विटेची भिंत, भर ढासळू नये म्हणून. तळाला सिमेंट, रस्त्याकडे उतार, पाणी साचणार नाही असा. भिंत आणि ओटा यांच्यामध्ये मोकळी नाली. भिंतीनं पुन्हा श्वास घ्यायचा आणि ओट्यानं आपल्या जागी उंच राहायचं.

"आन् गाठोडी नालीत पडतीन ते?" चाचांनी विचारलं.

याचं उत्तर दिराकडे होतं. "चाचा, दारासमोर सागवानी फळी टाकू, बिजागऱ्या लावून. माल आला की पाडायची, गेला की उचलायची. गाठोडी घसरत थेट आत. तुमची ती पायरीही लागनार नाई." तो हातानं फळी उचलून दाखवत होता आणि चाचा पुढे झुकून बघत होते. अर्ध्या मिनिटात ओटा कापायला चाचा तयार झाले. मी दुपारपर्यंत जे सिद्ध केलं, ते त्याच्या एका फळीवरून पास झालं.

नाली दोघांनी मिळून केली. उतार मी पाण्याची नळी लावून बघितला आणि दोनदा परत करून घेतला. फळी त्यानं एका दुपारी बसवली. पेठेतले दुकानदार फळी बघायला यायचे, पाडून-उचलून बघायचे. नालीत वाकून बघितलं ते फक्त एका मांजरानं.

मग आतला गिलावा, डागापेक्षा हातभर वरपर्यंत, सगळा काढला. आणि मी म्हटलं, आता भिंत अशीच राहू द्या. पावसाळ्याच्या तोंडाशी गिलावा करू.

तेव्हा माघ चालला होता. लग्नसराई पुढ्यात होती.

"नागडी भिंत?" चाची ओरडल्या. "पोरीच्या मावश्या येतीन, त्यांले हे दाखवू?"

दिराकडे बघितलं गेलं. मला माहीत होतं की तो आता म्हणेल, आठ दिवसांत करून देतो. तो म्हणाला, "करून तर देतो मी. आठ दिवसांत चकाचक." मी हातातली छिन्नी खाली ठेवली. "पन वहिनी म्हनतात ते बराबर हाय. आत पाणी भरलेलं हाय अजून. वरून झाकलं तर लोणा पुन्हा ढकलन."

ओट्याशी संबंध तुटला तरी भिंत एका दिवसात वाळत नाही. दीड विटेत मुरलेलं पाणी बाहेर पडायला महिने लागतात, अकोल्याच्या उन्हातसुद्धा. चाचींना मी सांगितलं की लोणा ओल्या फडक्यानं पुसायचा नाही. पुसला की विरघळून परत आत जातो. कोरड्या ब्रशनं झाडायचा, खाली कागद धरायचा, बाहेर टाकायचा. राहिलं मावश्यांचं.

ते चाचींनीच सोडवलं. भिंतीपासून हातभर अंतरावर त्यांनी दोरी बांधली आणि तिच्यावर रजयांचे गलेफ टाकले, लाल, हिरवे, जरीच्या काठाचे. खाली-वर मोकळं, वारा मागून फिरायचा. येणाऱ्या बायकांना वाटायचं, काय सजवलंय दुकान. गाद्या दुसऱ्या भिंतीला गेल्या. त्या उन्हाळ्यात मावश्यांनी गलेफच जास्त पसंत केले.

मी महिन्यातून एकदा जायची. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून सकाळी बघायची. सुरुवातीला आतून घाम यायचा, मग धुकं, मग नुसता कडेला ओलावा, मग काही नाही. प्रत्येक वेळी गेल्यावर कळायचं की दीर आधीच येऊन गेलाय. चाचींनी त्याच्यासाठी शिरखुर्मा राखून ठेवलेला असायचा. मला चहा मिळायचा. चांगला मिळायचा, पण चहा.

मृगाच्या आधी गिलावा झाला. चुना, रेती, सिमेंट नावापुरतं, म्हणजे भिंतीत उरलेली ओल बाहेर पडू शकेल. तेलरंग नाही, चुन्याचीच सफेदी. फरशीपासून दोन बोटं सोडून गिलावा थांबवला, म्हणजे जमिनीचं पाणी गिलाव्यावरून पायरी करून वर चढणार नाही. हे सगळं मी ठरवलं. लावला त्यानं, शीळ घालत. आणि लोकांनी येऊन भिंतीवरून हात फिरवला.

तो पावसाळा मोठा झाला. नागपंचमीच्या सुमारास चाचींनी दोन गाद्यांचा जोड भरला, मूर्तिजापूरकडच्या एका मुलीसाठी, लग्न दिवाळीनंतर. म्हणजे गाद्या अडीच-तीन महिने त्या खोलीतच राहणार. मी अमरावतीत पावसाचा आवाज ऐकला की त्या दोन गाद्यांचा विचार करायची. यादीत लिहिण्यासारखं काहीच नव्हतं, तरी रोज डोक्यात तेच.

दिवाळीच्या फराळाला दीर घरी आला. सासऱ्यांच्या शेजारी बसून चकली मोडत म्हणाला, "चाचींचा फोन आल्ता. त्या मूर्तिजापूरवाल्यांनी गाद्या नेल्या. मावशी बसली, गादीचा कोपरा उसवून हात घातला, कापूस नाकाशी नेला, म्हणे नवा कापूस हाय का हा? चाची रडत होत्या फोनवर. फोमवाल्याले चाचांनी परत धाडलं."

सासरे म्हणाले, "सांगतो ना मी. त्याच्या हातात..."

"बाबा, भिंत वहिनीनं वाळवली," दीर म्हणाला. "मी तर फळी लावली."

सासऱ्यांनी मान हलवली, जशी धाकट्या मुलाच्या मोठेपणाकडे बघून हलवतात तशी. म्हणजे हे बोलूनसुद्धा कौतुक त्यालाच मिळालं. मी आत जाऊन चिवड्याचा डबा घट्ट बंद केला आणि परत उघडला.

तासाभरानं माझा फोन वाजला. चाची. "बहू, दिवाळी मुबारक. तू म्हनत होती ना, नाली साफ ठेवा? बदामाची पानं पडून भरली. पाणी थांबून राहिलं. तुझ्या देवराले सांगू का, कामावरचा पोरगा पाठव म्हनून?"

"नका सांगू," मी म्हटलं. "कोणी चुकीचा उतार करून ठेवीन. मी येते उद्या."

"तू येते? इतक्या लांबून, पानं काढायले?"

"येते," मी म्हटलं, आणि कागद घेऊन लिहायला बसले: लांब दांड्याचा झाडू, नालीच्या तोंडाला जाळी, जाळीसाठी खिळे. तिसरी ओळ लिहितानाच ठरवलं की त्या जाळीचं भाऊजींना काहीही सांगायचं नाही.